पथ्य ज्याचं त्याचं

॥ श्री ॥

अकोला, ता. ८ डिसेंबर १९३६

तीर्थरूप बाबांचे चरणी बालक बबनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व ठीक. शाळा सुरू झाली. तुम्ही दिलेला केळीचा घड मोटारीत मांडीवर घेऊन आलो, तरी पातूरच्या घाटात दोन फण्या चेंगरल्याच. उरलेल्या रुख्मिणीनं चाळीत वाटल्या आणि सासऱ्याच्या मळ्याची तारीफ ऐकून दोन दिवस मिरवली. असो. हे सगळं मी टाळाटाळ करायला लिहीत आहे. लिहायचं वेगळंच आहे.

परवा शिरपूरला असताना मी तुम्हाला सकाळी पाहिलं. तुम्ही ओट्यावर बसला होता, डोक्याला उपरणं आवळून बांधलेलं, कोपरं गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. मग उठून भिंतीला धरत गोठ्यामागे गेलात, तिथं उलटी केलीत आणि पायानं त्यावर माती लोटलीत. मी दारात होतो. तुम्हाला दिसलो नाही. न्याहारीला मी विचारलं तर तुम्ही म्हणालात की पित्त आहे. आईनं तुमच्यामागे उभं राहून मान हलवली. पित्त रोज सकाळी येत नाही, बाबा. आई सांगते की दिवाळी सरल्यापासून आठवड्यातले बहुतेक दिवस हेच चाललं आहे.

माझ्या वर्गात मदनसिंग डॉक्टरांचा मुलगा आहे, त्या ओळखीनं मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. ते म्हणाले, साठी उलटलेल्या माणसाचं डोकं नव्यानं दुखू लागलं, तेही झोपेतून उठताना, आणि वर उलटी, तर ते तपासल्याशिवाय सोडू नये. कधी रक्ताचा दाब वाढलेला असतो, कधी मूत्रपिंडं थकलेली असतात, कधी डोळ्यात पाणी साचून तो दगडासारखा ताठतो, आणि कधी डोक्याच्या आतच काही वाढत असतं. शेवटचं ऐकून मी घरी आलो आणि जेवलो नाही. तुमच्यापाशी लपवत नाही, मला भीती वाटते.

तुमची भीती मला ठाऊक आहे. जानराव काका दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. पण बाबा, काकांना आपण बैलगाडीत घालून नेलं तेव्हा त्यांची शुद्ध गेलेली होती. पोट दुखायला लागल्यापासून ते ओवा आणि अंगाऱ्यावर होते. त्यांना दवाखान्यानं मारलं नाही, उशिरानं मारलं.

आणि डॉक्टर कापाकापी करणार नाही. दंडाला एक रबरी पट्टी बांधतात, तिच्यात हवा भरतात आणि पाऱ्याच्या नळीवर दाब किती ते पाहतात. दंड जरा आवळतो, बैलाला जू लागावं इतकाही नाही. मग अंधाऱ्या खोलीत बसवून बारक्या दिव्यानं बुबुळातून आत बघतात. डोक्यात दाब वाढला असेल तर डोळ्यामागची नस सुजलेली दिसते. सकाळची लघवी शिशीत घेऊन विस्तवावर तापवून पाहतात. बस, इतकंच.

एक मात्र हात जोडून सांगतो. हिरीबाईच्या हातून कानशिलाला डाग घेऊ नका. आई म्हणाली की ती विळा तापवायला तयारच बसली आहे. डाग दिल्यावर डोकं दुखायचं थांबत नाही, माणूस भाजल्याचंच दुःख करत बसतो, म्हणून बरं वाटलं असं वाटतं.

उत्तर लगेच द्यावं. लोभ आहे तो रागावलात तरी आटू देऊ नये.

तुमचा आज्ञांकित,
बबन


॥ श्री ॥

शिरपूर, ता. १५ डिसेंबर १९३६

चि. बबन यास इंद्रभानचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं ओट्यावर बसून चहा घेतला आणि जाडजूड पाकीट पाहून काही बरंवाईट आहे का असं विचारलं. मी म्हटलं, बरंवाईट काही नाही, पोरगा मास्तर झाला आहे.

तू लपून बापाच्या उलट्या मोजतोस हे काही मला आवडलं नाही. असो, विचारलं आहेस तर सांगतो. डोळा उघडला की कपाळाला दोर आवळल्यासारखं होतं. उठलो की पायात बळ नसतं आणि घर जरा फिरतं. ओट्यावर येऊन बसलो, वारा लागला, की हळूहळू उतरतं. मोट धरेपर्यंत निम्मं आणि न्याहारीपर्यंत सगळं साफ. दुखणं घोड्याच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझं तर येतंही घोड्यावर आणि जातंही घोड्यावर. जे दुखणं भाकरीची वाट पाहून आपणच निघून जातं, त्याला औषध कसलं?

मागं अंजनाकडे मेडशीला दोन रात्री राहिलो, तेव्हा तर डोकं अजिबात दुखलं नाही. लेकीच्या हातची भाकरी मानवते. तुझ्या आईला हे सांगितलं तर म्हणते, मंग तठीच राहा, मले काहून सांगून राह्यले.

इकडे काम जोरात आहे. तू पाठवलेले टिनाचे पत्रे दिवाळीनंतर केळीच्या खोलीवर आणि मधल्या खोलीवर चढवले. काय छप्पर झालं आहे! जुन्या गवती छपरातून निम्मा धूर आभाळाला जात होता. आता मी वळचणीच्या सगळ्या फटी शेणामातीनं लिंपल्या. आत घड रचायचे, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्या आणि भुसा धुमसत ठेवायचा आणि दार लावायचं. बाहेरून पाहिलं तर धुराची एक रेघ दिसत नाही. या कडाक्याच्या थंडीत कोणाची केळी पिकत नाहीत, आपली मात्र पिवळीधमक निघतात. देवळाचे यात्रेकरू दुसऱ्याच्या गाडीकडे बघत नाहीत.

फक्त रात्री राखण लागते. जाळ धरला तर घड होरपळतात आणि विस्तव विझला तर गार पडून हिरवे ते हिरवेच राहतात. म्हणून मी मधल्या खोलीत बाज टाकली आहे. मधलं दार किलकिलं केलं की विस्तव दिसतो. खोली अशी उबदार आहे की घोंगडी लागत नाही. तुझी आई पलीकडे स्वयंपाकघरात निजते.

तेव्हा डॉक्टरचा नाद सोड. हिरीबाईला मी अजून हो म्हटलेलं नाही, तेवढं तुझं ऐकलं समज. सूनबाईस आशीर्वाद. माया आहेच, ती लिहून दाखवायची मला सवय नाही.

इंद्रभान


॥ श्री ॥

अकोला, ता. २० डिसेंबर १९३६

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. पायात बळ नसतं आणि घर फिरतं, हे तुम्ही असं लिहिता जसं काही हवापाणी कळवत आहात. तुम्ही म्हणता, आपणच उतरतं ते दुखणं नव्हे. बाबा, विहिरीचा कठडा रोज थोडा ढासळतो आणि मोट तरीही चालते, म्हणून तुम्ही कधी कठडा तसाच सोडला आहे का? तुम्ही तर खडा हलला की माणूस उतरवता.

मदनसिंग डॉक्टर नाताळासाठी गावी गेले आहेत, म्हणून अकोल्याचा हट्ट मी सोडतो. वाशीमला एक चांगले डॉक्टर आहेत, दाबाचं यंत्र त्यांच्याकडेही आहे. आपल्या मळ्यातला जगदेव केळीची गाडी घेऊन वाशीमच्या बाजाराला जातोच, त्याच्याबरोबर जा. गाडीतून गेलात, म्हणजे दवाखान्यात गेलो असंही वाटणार नाही. सकाळची लघवी धुतलेल्या शिशीत न्या. आणि ते विचारतील ते सगळं सांगा, मनाची गोष्ट मनात ठेवू नका. वकिलापासून आणि वैद्यापासून काही लपवू नये, असं तुम्हीच मला सांगत होता.

आता खरं सांगतो. रुख्मिणीला दिवस गेले आहेत. आईला अजून कळवलेलं नाही, तुम्हीच सांगा. मला माझं मूल तुमच्या खांद्यावर बसून मळा फिरलेलं पाहायचं आहे, मी फिरलो तसं. तपासून घेतल्याशिवाय मी संक्रांतीला येणार नाही आणि तुमचा तिळगूळही घेणार नाही. ही धमकी समजा. मुलाला बापावर तेवढाच हक्क असतो.

खालच्या चार ओळी आईला वाचून दाखवा, गाळू नका. आई, माझं बोलून झालं. सोनारानंच कान टोचले पाहिजेत, आणि आपल्या घरातला सोनार तू आहेस.

दोघांचा लोभ असाच अंगावर पांघरलेला राहो.

बबन


॥ श्री ॥

शिरपूर, ता. २८ डिसेंबर १९३६

चि. बबन यास आई मनकर्णाबाईचे अनेक आशीर्वाद. पत्र अंजना लिहीत आहे. दादा, मी चार दिवसांपूर्वीच मेडशीहून आले. आई सांगेल तसं लिहिते.

सूनबाईची बातमी तुझ्या बाबांनी मला मळ्यात येऊन सांगितली. मी वांगी तोडत होते. त्यांना वाटलं मी रडते, मी म्हटलं डोळ्यात कचरा गेला. तिला जड उचलू देऊ नकोस. शिळं खाऊ देऊ नकोस. बाळंतपणाला इकडेच आण.

तुझ्या ओळी त्यांनी वाचल्या, पण सोनाराचं गाळून वाचल्या. अंजनानं परत वाचल्यावर मला कळलं. मग मी त्यांना सांगितलं की तुम्ही वाशीमला जाईपर्यंत मी संध्याकाळची भाकर खाणार नाही. त्यांना वाटलं गंमत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं ताट स्वतः वाढून आणलं, मी तसंच झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, म्हातारी मरशीन अन् लोक मले बोलतीन. मी म्हटलं, मंग जा की. आता येत्या बाजाराला जगदेवसोबत जायला कबूल झाले आहेत. देवापुढे हात ठेवून कबूल झाले, तेव्हाच जेवले मी.

बाबा रे, मला रात्री झोप नाही. पहाटे ते कण्हतात का ते मी कान देऊन ऐकते. तुझ्या काकांच्या वेळी असंच ऐकत बसलो होतो आम्ही.

माझं म्हणशील तर गुडघे या थंडीत धरले आहेत, बाकी बरी आहे. (दादा, आई हे लिहू नको म्हणते, पण मी लिहिते. तिचंही डोकं सकाळी जड असतं आणि मळमळतं. मी विचारलं तर म्हणते, बायकाच्या डोक्याले कोन इचारते, चूल पेटली की भुलून जातो. बाबा म्हणतात, माझं पाहून हिलाही दुखायला लागलं, सवतीची बरोबरी करते. दोघं हसतात. मीही हसले. इथं निजल्यावर आज माझंही डोकं जरा धरलं आहे, पण रात्रभर बोलत जागलो म्हणून असेल.)

आईच्या आशीर्वादाला पत्र लागत नाही, तरी लिहिले आहेत. सूनबाईला जप.

आई
हस्ते अंजना


॥ श्री ॥

शिरपूर, ता. ६ जानेवारी १९३७

चि. बबन यास अनेक आशीर्वाद.

झालं तुझ्या मनासारखं. जाऊन आलो.

जगदेव केळी विकत बसला आणि मी दवाखान्यात. डॉक्टर तरुण आहे, तुझ्यापेक्षा एखादं वर्ष मोठा असेल, पण माणूस मन लावून पाहतो. रबरी पट्टी बांधली, दोन्ही दंडांना. म्हणाला, वयाच्या मानानं दाब उत्तम आहे. लघवी तापवली, स्वच्छ निघाली. अंधारात बसवून डोळ्यात दिवा घातला. त्यानं दिवा बाजूला करून म्हटलं की मागची नस सुजलेली नाही, डोक्यात काही वाढत असल्याची खूण दिसत नाही. बबन, मी तुझ्यासमोर बढाया मारल्या, पण ते ऐकल्यावर मी त्याला तेच परत सांगायला लावलं. त्यानं मला पाणी दिलं.

मग विचारत बसला. कधी दुखतं, कधी थांबतं, कुठं थांबतं. मेडशीचं ऐकल्यावर त्यानं लेखणी खाली ठेवली. म्हणाला, तुम्ही निजता त्या खोलीत विस्तव असतो का? मी केळीच्या खोलीचं सगळं सांगितलं. त्यानं विचारलं की घरात आणखी कोणाचं डोकं दुखतं का. मी म्हटलं, नाही साहेब, बाकी सारे टणटणीत आहेत. घरच्या बाईमाणसाचं रडगाणं परक्या दवाखान्यात कशाला?

तर निघालं असं की मला काही रोगच नाही! कोंडलेल्या विस्तवाची हवा बाधते, असं तो म्हणाला. तिथं निजायचं नाही, हे त्यानं मला दोनदा बजावलं. भिंतीला वरती झरोका पाडा असंही म्हणाला. तोवर बाहेर रोग्यांची रांग लागली होती आणि जगदेव गाडी जुंपून हाका मारत होता. औषध काही नाही. नुसतं पथ्य.

म्हणजे जसं तुझ्या आत्याला वांगं चालत नाही, तसा मला धूर चालत नाही, इतकाच अर्थ. आमचे आजे-पणजे त्याच धुरात निजले, त्यांना मानवत होता. वय झालं की एकेक गोष्ट मानवेनाशी होते. रोग हाल्याला आणि औषध पखालीला असं होण्यापेक्षा हे बरं.

पथ्य काटेकोर पाळतो आहे. बाज गोठ्यात नेली. थंडी वाजते, बैल रात्रभर फुरफुरतो, पण सकाळी डोकं असं हलकं असतं की पोरासारखं वाटतं. आज तर मोटेवर गाणं म्हटलं. तुझी आई पदर तोंडाला लावून हसत होती. झरोक्याचं पुढं पाहू, संक्रांतीचा माल आत आहे, आता भिंत फोडली तर सगळा हिरवा राहील. राखण कोणी करायची एवढाच प्रश्न आहे. तुझी आई म्हणते मी करते, मले कोन्या डाक्टरनं पथ्य सांगतलं? तिला खोलीची ऊब गुडघ्यांना बरीही वाटते. तुझं काय मत?

तुझा हट्ट होता म्हणून गेलो, हे कबूल करतो. यापुढं रागावलो तरी तुझं म्हणणं आधी ऐकीन. माया वाढली आहे, कमी नाही.

इंद्रभान


॥ श्री ॥

अकोला, ता. १० जानेवारी १९३७

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी शाळेतून घरी पळत आलो. रुख्मिणीनं देवापुढे साखर ठेवली. गेला महिना मी कसा काढला ते मला ठाऊक. डोळ्यामागची नस सुजलेली नाही, हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल! आता तुमच्या मोटेवरच्या गाण्याला बैल बुजला नाही म्हणजे मिळवली.

पथ्य मोडू नका. गोठ्यात थंडी वाजते म्हणून परत आत जाल, तसं करू नका. मी एक जाड ब्लँकेट घेऊन येतो.

राखणीचं विचारलं आहे. आईला ऊब मानवत असेल तर तिनं निजायला माझी हरकत नाही, उलट तिचे गुडघे तरी सुटतील. फक्त धूर तिच्या डोळ्यांना झोंबू नये. विस्तवाचा धूर निघून निखारे लाल झाले, की घमेल्यात थोडे तिच्या बाजेखाली ठेवावेत. लाल निखाऱ्याला धूर नसतो, त्यानं शेक छान बसतो. आईला म्हणावं, बाबांचं पथ्य तुझ्या पथ्यावर पडलं.

संक्रांतीला शाळेची सुट्टी एकच दिवसाची आहे, त्यामुळे त्यानंतरच्या रविवारी येतो. तिळगूळ ठेवा, आता मी घेईन.

लोभाचं मागणं आज करत नाही, भरपूर मिळाला.

बबन


अकोला, ता. ३ फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप बाबांस बबनचा नमस्कार.

आईचं तेरावं करून इथं आलो त्याला आठवडा झाला. पत्र लिहायला बसतो आणि उठतो. पण आज लिहिलंच पाहिजे, कारण अंजनानं कळवलं आहे की नवे घड उतरले आणि तुम्ही मधल्या खोलीत बाज परत नेणार म्हणता. म्हणता की आता पथ्य कोणासाठी पाळायचं.

बाबा, ती बाज तिथं नेऊ नका. ज्या दिवशी हे पत्र पोचेल, त्या दिवशी मडक्यातला विस्तव पाणी घालून विझवा आणि दोन्ही दारं उघडी टाका. मग पुढचं वाचा.

मी मदनसिंग डॉक्टरांकडे गेलो होतो. आई कशी गेली ते सांगितलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तुम्ही गोठ्यातून उठून आलात, मधल्या खोलीचं दार लोटलं, ती गोधडीत कुशीवर होती आणि तुम्हाला वाटलं की आज हिला गाढ झोप लागली, म्हणून तुम्ही तिला उठवलं नाही. स्वतः चूल पेटवली. हे सगळं तुम्ही जसं मला सांगितलं, तसं मी त्यांना सांगितलं. खिडकीला तिनं थंडीचं पोतं कोंबलं होतं आणि बाजेखाली घमेलं होतं, तेही सांगितलं. मग ते म्हणाले, तिचे ओठ आणि नखं कशी होती? मी म्हटलं, लाल. तळवेसुद्धा लाल होते. बाया म्हणत होत्या, सवाष्ण गेली, देवीनं तिला रंगवून नेलं. तुम्हीही तेच म्हणालात आणि मलाही त्यात समाधान वाटलं होतं.

डॉक्टर म्हणाले, तो कुंकवाचा रंग नव्हता.

विस्तव कोंडला, त्याला पुरती हवा मिळाली नाही, की त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसतो, तो डोळ्यांना झोंबतो आणि माणूस पळतो. हा दिसत नाही. लाल निखाऱ्यातून धूर निघत नाही, पण हा निघतच राहतो. श्वासाबरोबर तो रक्तात जातो आणि चांगल्या हवेची जागा धरून बसतो, लवकर सोडत नाही. त्यानं रक्त लालभडक होतं, पण ते कामाचं राहत नाही. आधी मेंदूला त्रास. कपाळ आवळतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. उघड्यावर आलं की काही तासांनी तो हळूहळू उतरतो, म्हणून तुमचं डोकं न्याहारीपर्यंत साफ होत होतं. जास्त झाला की डोकं दुखायलाही जाग येत नाही. झोप गाढ होत जाते, इतकंच.

आजे-पणजे निजले त्या खोलीला गवताचं छप्पर होतं, त्यातून सगळं निघून जात होतं. यंदा पत्रे आले आणि फटी बुजल्या. पत्रे मी पाठवले.

तो धूर तुमच्या प्रकृतीला मानवत नव्हता असं नाही, बाबा. तो कोणालाच मानवत नाही. माणसाला नाही, बैलाला नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी पथ्य तुम्हाला दिलं नव्हतं, खोलीला दिलं होतं. हे तुम्हाला समजलं नाही आणि चार बुकं शिकून मला समजलं नाही. बाजेखाली निखारे ठेवा हे मी लिहिलं. मी लिहिलं, बाबा. ते पत्र तुम्ही तिला वाचून दाखवलंत, तेव्हा ती म्हणाली होती की पोराले मायच्या गुडघ्याची काळजी. अंजनानं हे मला रडत रडत सांगितलं.

तुम्हाला हे कळवू नये असं मनात आलं होतं. पण मग त्या खोलीत तुम्ही निजला असता, किंवा जगदेव निजला असता.

मला लोभ मागायचा हक्क राहिला आहे का, ते ठाऊक नाही. तरी मागतो.

बबन


शिरपूर, ता. ९ फेब्रुवारी १९३७

चि. बबन यास आशीर्वाद.

पत्र जगदेवकडून वाचून घेतलं. अक्षरं मला दिसत होती, पण ओळ सुटत होती. विस्तव विझवला, दारं उघडली आणि मग पुढचं वाच म्हटलं. तू लिहिलं होतंस तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी जगदेवनं आणि मी पत्रे उतरवले. वळचणीची माती कुदळीनं पाडली. आतले घड हिरवेच गाडीत घालून वाशीमला पाठवले. यापुढे या घरात केळी पिकणार नाहीत, ज्याला पिकवायची त्यानं आपल्या घरी पिकवावीत. गावातल्या केळीवाल्यांनाही मी खोलीचं सांगत सुटलो आहे. तिघांनी ऐकलं. एकजण म्हणाला, इंद्रभान, बाईच्या दुःखानं तुझं डोकं फिरलं, आमाले तं धूर मानवते. मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला विचारलं की बाई, सकाळी डोकं दुखते काय. तो मारायला उठला. ती दाराआड उभी होती. तिनं मान हलवली.

तू स्वतःला बोल लावतोस. तू दूर होतास, कागदावरून लिहिलंस. मी इथं होतो. डॉक्टरनं मला तोंडावर विचारलं होतं की घरात आणखी कोणाचं डोकं दुखतं का. तुझी आई त्याच सकाळी माझ्या डोक्याला फडकं बांधता बांधता खाली बसली होती. मी तिला म्हटलं, तू नको नाटक करू, मला गाडी चुकेल. आणि दवाखान्यात सांगितलं, बाकी सारे टणटणीत. तिनं माझ्यासाठी भाकर सोडली होती. मला तिच्यासाठी एक शब्द खर्चायचा होता, तो मी वाचवला.

वाशीमला जाऊन त्या डॉक्टरला सांगून आलो. त्याला कळायला पाहिजे, पुढच्याला तो दुसऱ्यांदा विचारील. त्यानं माझा हात धरून ठेवला.

मी गोठ्यात निजतो. डोकं दुखत नाही. सकाळी अगदी साफ असतं, सगळं आठवतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

आता माझं एक ऐक. तू मला डॉक्टरकडे लोटलंस तसं मी तुला लोटतो. हे पत्र वाचून झालं की खाली ठेव, आत जा आणि सूनबाईला विचार की सकाळी डोकं दुखतं का, मळमळतं का, शेगडी रात्री कुठं ठेवते. पोटुशी बाई म्हणेल, दिवस गेले म्हणून होतं. तिचं ते ऐकून परत येऊ नकोस. नाही म्हणाली तरी तिथंच बस आणि परत विचार.

तिचं उत्तर मला कळव, तुझं नको.

इंद्रभान